खराडी, केशवनगर, वाघोली, चंदननगर: शेजारच्या वस्त्यांत भाडं इतकं वेगळं का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्ता आणि मुळा-मुठा नदीच्या मधल्या पट्ट्यात खराडी वसली आहे. तिच्या एका अंगाला चंदननगर, नदीपलीकडे केशवनगर आणि नगर रस्त्याने पुढे गेलं की वाघोली. गाडीवरून या चारही वस्त्यांना वळसा घालायला सकाळी सहाला फार वेळ लागत नाही, पण भाड्याच्या जाहिराती पाहिल्या की चार वेगळी गावं असल्यासारखं वाटतं. घर शोधणाऱ्यांना आणि घर भाड्याने देणाऱ्यांनाही पडणारे प्रश्न इथे याच पट्ट्याच्या आधाराने घेतले आहेत. हिशेबासाठी घेतलेली भाडी मांडणी समजावी म्हणून धरलेली आहेत. तुमच्या हिशेबात त्या आठवड्यात प्रत्यक्ष सांगितलं जाणारं भाडं घाला.

## वस्त्या एकमेकींना लागून आहेत, मग भाड्यात एवढी तफावत कशी?

भाडं अंतरावर ठरत नाही. त्या वस्तीत घर मागणाऱ्या बहुतेक लोकांना रोज जिथे जायचं असतं, तिथे पोहोचायला गर्दीच्या वेळी किती मिनिटं लागतात यावर ते ठरतं. खराडीत इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, आणि आजूबाजूला इतर कार्यालयांच्या इमारती आहेत. एवढ्याशा जागेत हजारो पगारदार रोज सकाळी एकाच सुमारास येतात आणि संध्याकाळी एकाच सुमारास निघतात. त्या गर्दीत न अडकता ऑफिसला पोहोचता येईल अशी घरं मोजकीच आहेत, म्हणून त्यांच्यावर बोली चढते.

वाघोलीहून तेच ऑफिस सात-आठ किलोमीटरवर आहे. पहाटे हे अंतर काहीच नाही. पण नगर रस्ता हा या भागाचा एकमेव मोठा रस्ता. शहराची वाहतूक, अहिल्यानगरकडची मालवाहतूक आणि कॉलेजांच्या बस सगळं त्याच रस्त्यावर येतं. त्यामुळे सकाळी साडेआठनंतर त्याच अंतराला किती वेळ लागेल हे सांगणं अवघड होतं. भाडेकरू सरासरी वेळेपेक्षा या अनिश्चिततेला जास्त घाबरतो. साडेनऊची मीटिंग असेल तर तो सर्वांत वाईट दिवस धरूनच घरून निघतो.

## या वेळेचे रुपये किती होतात? हिशेब करून दाखवता येईल का?

येईल, आणि घर बघायला निघण्यापूर्वी तो करावाच. सारख्याच आकाराचा टू बीएचके धरू. खराडीत ३८,००० रुपये भाडं, वाघोलीत २२,००० रुपये. फरक १६,००० रुपयांचा. वाघोलीहून ऑफिसला जायला खराडीपेक्षा एका वेळेला ४० मिनिटं आणि ८ किलोमीटर जास्त लागतात असं धरू.

आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला जाणाऱ्या माणसाचे महिन्याला साधारण २२ दिवस होतात. रोज जाऊन-येऊन ८० मिनिटं जास्त, म्हणजे महिन्याला सुमारे २९ तास. जास्तीचं अंतर ३५२ किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर सुमारे ८२० रुपये जास्त खर्च. १६,००० मधून ते वजा केले की निव्वळ बचत १५,१८० रुपये उरते. २९ तासांनी भागलं की तासाला सुमारे ५२० रुपये. थोडक्यात, वाघोलीत राहणारा आपला रस्त्यावरचा एक तास ५२० रुपयांना विकतो आहे. त्याला हा भाव पटत असेल तर वाघोली योग्य, नसेल तर खराडी.

आता तोच माणूस आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जातो असं धरा. महिन्याला १३ दिवस, म्हणजे सुमारे १७ तास. पेट्रोलचा जादा खर्च जेमतेम ४८५ रुपये. निव्वळ बचत १५,५०० रुपयांच्या आसपास, आणि तासाचा भाव ९०० रुपयांच्या जवळ. अशा माणसाला वाघोलीच परवडते.

उलट नवरा-बायको दोघंही खराडीतच नोकरी करत असतील, आणि वेळा जुळत नसल्याने वेगवेगळ्या गाड्यांवर जात असतील, तर दोघांचे मिळून जास्तीचे तास ५८ च्या वर जातात आणि पेट्रोलही दुप्पट लागतं. बचत १४,३६० रुपयांवर येते आणि तासाचा भाव २४५ रुपयांपर्यंत घसरतो. एवढ्या कमी भावात वेळ विकायला दोन पगारांचं घर तयार होत नाही. खराडीचं भाडं वर ओढण्यात अशा घरांचा मोठा वाटा असतो. ही घरं कमी झाली किंवा त्यांचे ऑफिसचे दिवस कमी झाले, की तफावतही कमी होऊ लागते.

## केशवनगर तर नकाशावर खराडीच्या समोरच दिसतं. तिथलं भाडं कमी का?

कारण मध्ये नदी आहे. इऑनपासून केशवनगरपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती दोन-तीन किलोमीटरची होते. प्रत्यक्षात मात्र खराडी बायपासने मुंढव्याच्या पुलावर यायचं, मुंढवा चौक ओलांडायचा आणि मग उलटं पूर्वेला वळायचं. अंतर दुपटीच्या वर जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हडपसर-मगरपट्ट्याकडून येणारी सगळी वाहतूकही त्याच चौकात उतरते. केशवनगरचा भाडेकरू त्या चौकाची किंमत भाड्यातून वळती करून घेतो.

म्हणून जाहिरातीत ‘इऑनपासून अवघं अडीच किलोमीटर’ असं लिहिलेलं असेल तर आधी विचारा, नदी कुठून ओलांडायची? नदी, रेल्वे रूळ, लष्कराची हद्द आणि विमानतळाची भिंत या चार गोष्टींमुळे पुण्यात शेजारच्या वस्त्या एकमेकींपासून तुटतात. दोन वस्त्यांच्या भाड्यात अनाकलनीय फरक दिसला तर नकाशावर त्यांच्यामध्ये यांपैकी काय आहे ते आधी पाहावं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

केशवनगरची दुसरी बाजूही आहे. मगरपट्ट्यात किंवा हडपसरला नोकरी असलेल्याला हा चौक तितका आडवा येत नाही. त्याच्या लेखी केशवनगर स्वस्त आणि सोयीचं, तर खराडी महाग आणि गैरसोयीची. एकच वस्ती दोन भाडेकरूंना दोन वेगळ्या भावांची वाटते, आणि बाजारातलं भाडं ज्या गटाची संख्या जास्त त्याच्याकडे झुकतं.

## चंदननगर खराडीला खेटूनच आहे. मध्ये ना नदी, ना चौक. मग तिथे स्वस्त का?

इथे प्रवासाचा संबंध कमी आणि इमारतींचा जास्त आहे. चंदननगर जुनी, दाट वस्ती. गल्ल्या अरुंद, प्लॉट लहान, तीन-चार मजल्यांच्या इमारती, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, चारचाकीला जागा नाही. वन आरके आणि छोटे वन बीएचके जास्त. खराडीच्या नव्या सोसायट्यांत पार्किंग, जनरेटर, लिफ्ट, सुरक्षारक्षक आणि मोठा कार्पेट एरिया मिळतो. जाहिरातींत दोन्हीकडे ‘टू बीएचके’च लिहिलेलं असलं तरी मिळणारं घर एकसारखं नसतं.

तुलना करायची तर दर चौरस फुटाला भाडं काढा. ६०० चौरस फूट कार्पेटच्या घराला १८,००० म्हणजे फुटाला ३० रुपये. ८५० फुटांच्या घराला ३८,००० म्हणजे जवळपास ४५ रुपये. एकूण भाड्यात २०,००० रुपयांचा फरक दिसतो, पण त्यातले ७,५०० रुपये नुसत्या जास्तीच्या २५० फुटांचेच आहेत. उरलेला फरक इमारतीचं वय, लिफ्ट आणि पार्किंग यांचा. जागेचं म्हणून जे वेगळं भाडं असतं, ते इथे फारच थोडं निघतं. ज्याच्याकडे चारचाकी नाही आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढायची तयारी आहे, त्याला ऑफिस जवळ आणि भाडं हलकं असा मेळ या पट्ट्यात इतर कुठे सहज सापडत नाही.

## बॅचलर मंडळींमुळे भाडं वाढतं हे खरं का?

मोठ्या कार्यालयांच्या जवळ, हो. कुटुंब घराच्या एकूण भाड्याचा विचार करतं, तर एकत्र राहणारी मुलं डोईमागे विचार करतात. टू बीएचकेत तिघांनी प्रत्येकी १३,००० दिले की ३९,००० होतात. एका पगारावर चालणारं कुटुंब ३०,००० च्या पुढे जायला कचरतं. मालकाला दोघांत निवड करायची असेल तर आकडा बोलतो.

पण पुष्कळ सोसायट्या बॅचलर भाडेकरू घेऊ देत नाहीत. अशा सोसायटीत बोली लावणारे फक्त कुटुंबवाले उरतात, म्हणून शेजारच्या सोसायटीपेक्षा तिथलं भाडं कमी राहतं. रस्त्याच्या दोन बाजूंना सारख्याच इमारती आणि भाड्यात चार-पाच हजारांचा फरक दिसला तर हा नियम विचारून पाहा. कुटुंबासाठी घर शोधणाऱ्यांचा यात सरळ फायदा आहे.

वाघोलीत हेच वेगळ्या रूपात दिसतं. तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयं असल्याने विद्यार्थ्यांकडून वन आरके आणि वन बीएचकेला मोठी मागणी असते. त्यामुळे वाघोलीत मोठी घरं स्वस्त आणि लहान घरं फुटाच्या हिशेबाने महाग, असा उलटा प्रकार आढळतो.

## मेट्रो आली की भाडं वाढतं का? वाघोलीला मेट्रो मंजूर झाली आहे, तिथलं काय?

वनाझ ते गरवारे कॉलेज हा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ रोजी मेट्रो रुबी हॉलपर्यंत आणि ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत आली. रामवाडी स्थानक विमाननगरच्या कडेला आहे. तिथून पुणे स्टेशन, डेक्कन एका दमात गाठता येतं, आणि जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलली की शिवाजीनगर आणि पिंपरीकडेही जाता येतं.

पण याचा उपयोग कुणाला? कोथरूडला घर आणि कल्याणीनगरला नोकरी, किंवा विमाननगरला घर आणि शिवाजीनगरला नोकरी असणाऱ्याला. खराडीत राहून खराडीतच काम करणाऱ्याला मेट्रोची गरजच नाही. जो शहरातून खराडीत कामाला येतो, त्याला रामवाडीला उतरून पुढचे चार-पाच किलोमीटर रिक्षा, बस किंवा कंपनीच्या गाडीने जावं लागतं. म्हणजे मेट्रोमुळे खराडीतली घरं महाग होण्यापेक्षा खराडीला नोकरी करणाऱ्यांना लांब राहण्याचा पर्याय मिळाला. असा पर्याय मिळाला की ऑफिसजवळच्या घरांवरचा दाब उलट थोडा हलका होतो. मेट्रो म्हणजे भाडेवाढ हे समीकरण डोळे झाकून लावू नये ते यासाठी.

वाघोलीबाबत विक्रीचा भाव आणि भाडं वेगवेगळं पाहायला हवं. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी आणि वनाझ ते चांदणी चौक या विस्तारांना केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. विक्रीचा भाव अशा बातमीवरच हलतो, कारण घर घेणारा पुढच्या वीस वर्षांचा विचार करतो. भाडेकरू मात्र या महिन्याच्या सोयीचे पैसे देतो. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मार्गावर आज प्रवास करता येत नाही, म्हणून आजच्या भाड्यात त्याचा एक रुपयाही नसावा. मालक ‘मेट्रो येतेय’ म्हणून वाढ मागत असेल तर ती नाकारायला भाडेकरूला पूर्ण आधार आहे.

उलट खांब उभे राहत असतात तेव्हा रस्त्याच्या मधल्या मार्गिका पत्र्यांनी अडवल्या जातात, वळणं बंद होतात, धूळ आणि आवाज वाढतो. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाच्या कामात बाणेर आणि औंध परिसराने हे वर्षानुवर्षे सोसलं. काम चालू असलेल्या रस्त्यालगतचं घर घेत असाल तर करार ११ महिन्यांचा करा, आणि वाढीचा टक्का आधीच लिहून घेऊ नका.

मेट्रोचा फायदा खरोखर कुठवर पोहोचतो हे स्थानकापासून चालत तपासावं. नकाशावरचे ५०० मीटर आणि रस्ता ओलांडून, जिना चढून फलाटावर पोहोचेपर्यंतचा वेळ यात मोठा फरक असतो. घराच्या दारापासून फलाटापर्यंत दहा मिनिटांच्या वर लागत असतील तर बहुतेक लोक काही आठवड्यांत पुन्हा दुचाकीवर येतात.

## शाळांचा भाड्यावर परिणाम कसा होतो? आपल्याकडे तर कुठूनही कुठल्याही शाळेत जाता येतं ना?

खासगी शाळेत पैसे भरून प्रवेश घ्यायचा तर हो, पत्त्याची अट सहसा नसते. म्हणून आपल्याकडे शाळेचा परिणाम स्कूलबसच्या वेळेतून येतो. सातची शाळा आणि बसच्या फेरीत पहिला थांबा असेल तर मूल सहाला रस्त्यावर उभं राहतं. त्याच बसच्या शेवटच्या थांब्यावरचं मूल पाऊण तास जास्त झोपतं. पहिलीतल्या मुलाच्या आईवडिलांसाठी हा पाऊण तास ऑफिसच्या अर्ध्या तासापेक्षा मोठा असतो, आणि त्यासाठी ते दोन-तीन हजार जास्त मोजायला तयार होतात. घर नक्की करण्याआधी शाळेच्या वाहतूक विभागाला फोन करून तीन गोष्टी विचारा: या सोसायटीपाशी बस थांबते का, फेरीत हा थांबा कितवा, आणि बसची फी वर्षाला किती महिन्यांची घेतात. नवीन सोसायटीला थांबा नसेल तर पुरेशी मुलं जमेपर्यंत तो मिळत नाही, आणि तोवर रिक्षा स्वतः लावावी लागते.

शाळेमुळे दुसरी गोष्ट घडते ती मुदतीची. मुलाची शाळा लागली की कुटुंब सहजासहजी घर सोडत नाही. चांगल्या शाळांच्या आसपास घरं कमी रिकामी होतात, आणि जी होतात ती बहुतेक मार्च ते जूनमध्ये. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाच्या शाळांचं जूनमध्ये सुरू होत आल्याने या चार महिन्यांत कुटुंबांची धावपळ असते आणि त्याच घराला चढं भाडं सांगितलं जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घर घेतलं तर घासाघीस करता येते. फक्त ११ महिन्यांचा करार केला तर तो सप्टेंबरमध्ये, शाळेच्या ऐन मध्यावर संपेल. त्याऐवजी करार मेअखेरपर्यंतचा करून घ्यावा.

पत्त्याची अट लागते ती आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांना. तिथे घरापासून शाळेचं अंतर निर्णायक असतं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य, त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या. खराडीतल्या मोठ्या खासगी शाळांपासून चंदननगरच्या कित्येक गल्ल्या या अंतरात बसतात. भाड्याने राहणाऱ्या पालकाला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो, साध्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेला किंवा नोटरी केलेला चालत नाही. छोट्या खोल्यांचे मालक नोंदणीला टाळाटाळ करतात आणि नेमक्या याच कारणाने पात्र मुलाचा अर्ज पडताळणीत बाद होतो. करार अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा हवा, म्हणून नोंदणी अर्ज सुरू व्हायच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या सुमारासच करून घ्यावी.

सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट द्यायची, असा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. तो टिकला असता तर शहरात या पत्त्यांना अर्थच उरला नसता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. हे चांगलं झालं. लहान खोलीत राहणाऱ्या कुटुंबासाठी तो पत्ता फार मोलाचा आहे.

## कंपनीने घरून काम दिलं किंवा ऑफिस हलवलं तर भाडं पडतं का?

पडतं, आणि सगळ्यात आधी ऑफिसला चिकटून असलेल्या वस्तीत पडतं. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा खराडी आणि हिंजवडीसारख्या भागांत घरं रिकामी झाली, कारण तिथे राहण्याचं मुख्य कारणच गेलं होतं. कोथरूडसारख्या जुन्या वस्त्यांत माणसं शाळा, आईवडील आणि ओळखीचे डॉक्टर यांच्यासाठीही राहतात, म्हणून तिथे हेलकावा कमी बसतो.

मालकांनी यातून घ्यायचं ते असं. ज्या घराचं भाडं एकाच ऑफिस संकुलावर उभं आहे तिथे वरचा आकडा धरून बसण्यापेक्षा भाडेकरू टिकवणं फायद्याचं. ३८,००० ऐवजी ४०,००० मागून घर एक महिना रिकामं राहिलं, तर ते ३८,००० भरून निघायला १९ महिने जास्तीचे २,००० मिळत राहावे लागतात. करार असतो ११ महिन्यांचा.

## नव्या कोऱ्या सोसायटीत भाडं कमी आणि शेजारच्या जुन्या सोसायटीत जास्त, असं कसं?

एका टॉवरचा ताबा मिळाला की गुंतवणूक म्हणून घेतलेले पंचवीस-तीस फ्लॅट एकाच महिन्यात भाड्याला लागतात. प्रत्येकाच्या डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, म्हणून ज्याला घाई तो भाडं खाली आणतो. वाघोली, केशवनगर, मांजरी या बाजूला हे वारंवार होतं. ओळखायची खूण सोपी आहे. जाहिरातींच्या साइटवर त्या एका सोसायटीचे फ्लॅट मोजा. दहाच्या वर एकसारखे फ्लॅट दिसले तर सांगितलेल्या भाड्यात दहा टक्के कमी करून मागायला हरकत नाही. मात्र फ्लॅट भरत गेले की दुसऱ्या वर्षी मालक बाजारभावाला यायला पाहतो. त्यामुळे अशा ठिकाणी २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करून दरवर्षीची वाढ ५ टक्क्यांवर बांधून घ्यावी.

‘अप्पर खराडी’ हे नावही याच टॉवरांसोबत येतं. ते जाहिरातीतलं नाव आहे. जागा खरी कुठली हे नोंदणी झालेल्या कराराच्या सारांशाच्या, म्हणजे सूची क्रमांक २ च्या माथ्यावरच्या गावाच्या नावातून कळतं. तिथे वाघोली लिहिलेलं असेल तर भाडंही वाघोलीच्या हिशेबाने ठरवा.

## स्वस्त वस्तीत छुपे खर्च कोणते?

मुख्य खर्च पाण्याचा. वाघोली ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. त्याआधी ती ग्रामपंचायत होती, आणि इमारती पाइपलाइनच्या कितीतरी पुढे धावल्या. अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. मेंटेनन्स मालक भरणार असं ठरलं तरी टँकरची वर्गणी वेगळी काढून भाडेकरूकडे टाकली जाते. मागच्या एप्रिल-मे महिन्यांची मेंटेनन्सची बिलं दाखवायला सांगा. पावसाळ्यातल्या बिलावरून उन्हाळ्याचा अंदाज येत नाही. महिन्याला दीड हजाराची वर्गणी निघाली तर वरच्या हिशेबातली बचत तेवढी कमी करा.

## मोठं डिपॉझिट देऊन भाडं कमी करून घेणं फायद्याचं आहे का?

डिपॉझिटवर तुमचं बुडणारं व्याज काढा. एक लाख रुपये जास्त देणार असाल आणि ते बँकेत ७ टक्क्यांनी राहिले असते, तर महिन्याला सुमारे ५८३ रुपये बुडतात. मालक त्या बदल्यात भाडं १,००० रुपयांनी कमी करत असेल तर सौदा ठीक, ५०० नी करत असेल तर नाही. डिपॉझिट परत मिळायला उशीर होण्याची जोखीम मोठ्या रकमेबरोबर वाढते, हेही ध्यानात असू द्या. दोन वस्त्यांच्या भाड्याची तुलना करताना आधी दोन्हीकडचं डिपॉझिट समान धरून भाडी दुरुस्त करावीत, नाहीतर तफावत चुकीची दिसते.

## प्रत्यक्षात चालू असलेलं भाडं कसं कळणार? जाहिरातीत तर काहीही लिहितात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. सूची क्रमांक २ मध्ये भाडं, डिपॉझिट आणि मुदत लिहिलेली असते. एजंटकडे त्याच सोसायटीतल्या गेल्या तीन-चार महिन्यांतल्या दोन करारांची सूची २ मागा. त्याने नावं झाकून दाखवली तरी चालेल, तुम्हाला आकडा हवा आहे. मात्र काही मालक फर्निचरचं भाडं वेगळं घेतात आणि करारात कमी रक्कम लिहितात, म्हणून पूर्ण फर्निचर असलेल्या घराच्या नोंदीवर फार विसंबू नये.

नोंदणीचा खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. २८,००० रुपये भाडं, ७५,००० डिपॉझिट आणि ११ महिने मुदत असेल तर ते ८०० रुपयांच्या आत येतं. त्यावर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क, ग्रामपंचायत हद्दीत ५००.

## प्रवासाची वेळ नीट कशी तपासायची?

रविवारी घर पाहून निर्णय घेऊ नका. गूगल मॅप्समध्ये निघण्याची वेळ मंगळवार सकाळी ९ आणि परतीची मंगळवार संध्याकाळी ६.३० अशी टाका. तो दोन आकड्यांतला पल्ला दाखवतो, उदाहरणार्थ २५ ते ५५ मिनिटं. हिशेबात मोठा आकडा धरा, कारण तुम्ही घरून निघणार आहात तोच धरून. मग एकदा कामाच्या दिवशी खरोखर त्या वेळी त्या रस्त्याने जा. शक्य असेल तर पावसाच्या दिवशी जा, कारण नगर रस्त्यावर आणि मुंढवा चौकात पाऊस पडला की वेळ किती ताणली जाते ते ॲपच्या सरासरीत दिसत नाही. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसासाठी आणि शाळेसाठी ही वेळ वेगळी काढा. एकाची नोकरी खराडीत आणि दुसऱ्याची शिवाजीनगरला असेल, तर दोघांच्या मिनिटांची बेरीज कमी ठेवणारी जागा बहुतेक वेळा खराडीत नसून रामवाडी किंवा कल्याणीनगर स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर निघते.